दमट उकाड्यात कुठलं रायडिंग जॅकेट, कुठले ग्लोव्ह्ज, कुठले बूट?

भाचा चिपळूणला नोकरीला लागला आणि दर शनिवारी बाईकवरून ठाण्याला यायला लागला. वहिनीने मला बजावलं, "भाऊजी, त्याला नीट काहीतरी घेऊन द्या, पण असं द्या की तो अंगावर ठेवेल." एप्रिलमध्ये आम्ही दुकानात गेलो ते हीच अट धरून. कोकणात उन्हाळ्यात पारा तेहतीस-चौतीसच्या आसपासच असतो, पण हवाच इतकी ओली की घाम अंगावर वाळत नाही. अशा वेळी गिअर डिकीत जाऊन बसतं, आणि डिकीतलं जॅकेट कुणाचंच कोपर वाचवत नाही.

जॅकेटमध्ये तीन पर्याय समोर होते. चामड्याचं आम्ही लगेच बाजूला ठेवलं. रस्त्यावर घासटताना चामड्यासारखं काही नाही, पण मे महिन्यात ते पाच तास अंगात राहणार नाही आणि जुलैत त्यावर बुरशी धरेल. खरी निवड होती ती जाळीचं, म्हणजे मेश जॅकेट, आणि व्हेंट असलेलं टेक्स्टाइल जॅकेट यांच्यात.

टेक्स्टाइलला छातीवर दोन, दंडांवर दोन चेनवाले व्हेंट असतात आणि पाठीवर हवा बाहेर जायला एखादी फट. मोकळ्या हायवेवर वेग धरला की ते छान चालतात. पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये, किंवा पुढे उंच विंडस्क्रीन असेल तर, त्या फटींतून नावापुरती हवा येते. जाळीत पूर्ण छाती, दंड आणि पाठ उघडी असते, त्यामुळे वीस-तीसच्या वेगालाही घामावरून वारा फिरतो. दमट हवेत घाम उडायचा तर भरपूर हवा अंगावरून जायला हवी, आणि ते जाळीच करते. सिग्नलला थांबलात की मात्र दोन्ही सारखीच तापतात.

नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांनी हे उलटं करावं. चव्वेचाळीस अंशांत वारा अंगापेक्षा गरम असतो. जाळीतून तो सरळ आत येतो, घाम क्षणात सुकवतो आणि तासाभरात माणूस कोरडा पडतो. तिथे टेक्स्टाइलचे व्हेंट अर्धे उघडे ठेवून आत भिजवलेला टी-शर्ट घालणं जास्त थंड पडतं.

जाळीची किंमत घासटण्यात मोजावी लागते. म्हणून आधी खांदा आणि कोपर बघा. तिथे जाळी नको, जाड घट्ट विणीचं कापडच हवं, कारण पडल्यावर रस्ता तिथेच लागतो. मग आतलं लेबल. ईएन १७०९२ या युरोपीय मानकात एएए सगळ्यात वरचा वर्ग, मग एए, मग ए. जाळीची बरीच जॅकेट्स ए वर्गात येतात. एए मिळालं आणि वजन झेपलं तर तेच घ्या. सी वर्ग दिसला तर सावध व्हा. टी-शर्टखाली घालायचे आर्मरवाले जाळीचे शर्ट त्यात मोडतात. ते मार झेलतात, घासटणं झेलत नाहीत. त्याच्या भरवशावर वरून नुसता कॉटनचा शर्ट घालू नका.

आर्मरचं लेबल वेगळं, प्रत्येक पॅडवरच छापलेलं. खांदा-कोपरासाठी ईएन १६२१-१. ठरावीक ताकदीचा फटका पॅडवर मारतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. आकडा कमी तितकं हाड सुखी. आपल्याकडे आणखी एक खूण शोधावी, टी+. मऊ, वाकणारे पॅड गरमीत आणखी मऊ पडतात. टी+ म्हणजे तो पॅड ४० अंशांवर तापवूनही चाचणीत उतरला आहे. पाठीचा खिसा स्वतः उघडून बघा. अनेक जॅकेट्समध्ये तिथे नुसता फोमचा तुकडा असतो. त्यावर ईएन १६२१-२ छापलेलं नसेल तर तो पाठीचा आर्मर नाही, वेगळा घ्यावा लागेल. घेताना भोकं असलेला घ्या, नाहीतर जाळीची पाठ बंद होते.

भाच्याला मोठ्या मापाचं आवडलं होतं, सैल म्हणजे हवेशीर असं वाटून. त्याला दुकानाबाहेरच्या बाईकवर बसवलं, हात हँडलवर ठेवायला सांगितले आणि कोपराचा पॅड धरून पिळला. पॅड गोल फिरून हाताच्या आतल्या बाजूला आला. पडताना नेमकं हेच होतं. एक माप लहान दिलं, दंडाचे पट्टे आवळले, मग पॅड जागचा हलेना. वारा तेवढाच येत होता.

पावसासाठी आत लावायचं वॉटरप्रूफ अस्तर मिळतं. आमच्या हवेत मी ते घेऊ देत नाही. बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, आतून प्लास्टिकच्या पिशवीत बसल्यासारखं होतं, आणि सर आली की रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून अस्तर लावत बसावं लागतं. वरून घालायचा सैल रेनकोट कधीही बरा.

ग्लोव्ह्जमध्ये पूर्ण चामडं की वर जाळी आणि तळव्याला चामडं? इथे मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, पण तळवा बकऱ्याच्या चामड्याचाच हवा आणि मनगटाजवळ तळव्यावर घसरणारा कडक तुकडा हवा. पडताना माणूस आधी हातच टेकतो. लेबल ईएन १३५९४. पुढे केपी लिहिलेलं असेल तर बोटांच्या सांध्यांवरचं कवच तपासलेलं आहे. मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्याला बोटांकडून ओढायला सांगा. ग्लोव्ह निघून आला तर तो रस्त्यावरही निघेल.

आणखी एक चाचणी दुकानात सुचत नाही. घामेजलेला हात बाहेर काढला की स्वस्त ग्लोव्हचं अस्तर बोटाबरोबर बाहेर येतं, आणि ते पुन्हा आत ढकलता ढकलता टोलनाक्यावर मागे हॉर्न सुरू होतात. हात थोडा ओला करून घालून काढून बघा. अस्तर बोटांच्या टोकांना शिवलेलं असेल तर हलत नाही.

बुटांत आम्ही बराच वेळ घालवला. एकीकडे नडगीपर्यंतचे वॉटरप्रूफ टूरिंग बूट, दुसरीकडे घोट्यावर येणारे भोकाभोकांचे. ईएन १३६३४ च्या लेबलवर चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. उंची, घासटणं, कापलं जाणं, आणि शेवटचा आडव्या दाबाचा. बाईक पायावर पडली तर हा शेवटचा कामाला येतो. तो २ असावा असा माझा आग्रह होता, उंची १ असली तरी चालेल. लेबल नसेल तर चवड्याजवळ बूट दोन्ही बाजूंनी दाबा. सोल कागदासारखा दुमडला तर परत ठेवा.

वॉटरप्रूफ बूट मी त्याला घेऊ दिले नाहीत. पावसात माझ्या स्वतःच्या जोडीत पाणी पॅन्टवरून ओघळत वरूनच शिरलं होतं. ज्या पडद्यामुळे ते आत यायला नको होतं, त्याच पडद्यामुळे ते बाहेरही जाईना. महाडला बूट उलटे केले तर प्रत्येकातून कपभर पाणी निघालं, आणि वाळायला तीन दिवस लागले. भोकांचे बूट भिजतात, पण पंख्याखाली रात्रभर ठेवले की सकाळी घालता येतात. भाचा आता वरून रबरी कव्हर चढवतो आणि डिकीत मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवतो.