गिब्ज की कोल्ब? गोवंडीतला एकच प्रसंग

गोवंडीच्या वस्तीत अभ्यासवर्ग घेताना सहावीतली एक मुलगी दर मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजर असायची. ‘प्रेरणेचा अभाव’ असं वहीत लिहून मी मोकळी झाले. मास्लोची माणसाच्या गरजांची उतरंड नुकतीच पाठ केली होती ना! एकदा तिच्या गल्लीत गेले, तर ती हंड्यांच्या रांगेत उभी. त्या दोन दिवशी पाणी पाचला यायचं, आमचा वर्गही पाचचा.

अहवालासाठी हा प्रसंग अनुभवावर चिंतन करण्याच्या दोन साच्यांत लिहून पाहिला. गिब्जच्या (१९८८) सहा टप्प्यांत भावनांना वेगळी जागा आहे. तिथे माझी चिडचिड आणि नंतरची शरम नीट उतरली, पण दीड पान माझ्यावरच गेलं. मुलगी रांगेतच राहिली.

कोल्बच्या (१९८४) चार टप्प्यांत अनुभवातून संकल्पना काढावी लागते. तिथे अडले, तेव्हा दिसलं: मी प्रेरणा मुलीच्या मनात शोधत होते, नळाच्या वेळेत नाही. चौथा टप्पा करून बघण्याचा, म्हणून वर्ग साडेसहाला नेला. ती आली, कामावर जाणारे दोन मुलगे मात्र गळाले. तेही लिहिलं.

शेवटी कोल्ब ठेवला. शरमेची चार वाक्यं गिब्जमधून उचलून कोल्बच्या दुसऱ्या, अनुभवाकडे मागे वळून बघण्याच्या टप्प्यात घातली.