सिस्टिक फायब्रोसिसमध्ये इव्हाकाफ्टर एकटं द्यायचं, की एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टरसोबत तिन्ही औषधं एकत्र?

आमच्या इंदूरच्या ओपीडीत आठ वर्षांची, २२ किलोची मुलगी आली. वर्षानुवर्षं खोकला, तेलकट शौच, वजन वाढेना. टीबीच्या संशयावरून दुसरीकडून तिला रिफाम्पिसिन सुरू झालेलं. आजी म्हणाल्या, "हिची पापी घेतली की ओठ खारट होतात." घामातलं क्लोराइड ९४ मिलिमोल प्रति लिटर निघालं, ६० किंवा त्याहून जास्त असलं आणि लक्षणं जुळली, की सिस्टिक फायब्रोसिसच धरायचं.

औषध निवडताना सगळ्यात आधी जनुकांचा अहवाल वाचा. क्लोराइडचा मार्ग बनवणारं CFTR प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोचतं पण उघडत नाही, असा दोष असेल (उदा. G551D), तर एकटं इव्हाकाफ्टर ते उघडं ठेवतं. F508del या दोषात मात्र प्रथिनाची घडीच चुकते, ते पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. तिथे एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर त्याला पोचवतात आणि मग इव्हाकाफ्टर उघडतं. आमच्या मुलीत जनुकाच्या एका प्रतीत F508del होतं, दुसऱ्या प्रतीत प्रथिनच बनत नव्हतं. म्हणजे तिन्ही औषधं एकत्र हवीत. एकटं इव्हाकाफ्टर दिलं असतं तर ते कशाला उघडणार? दोन्ही प्रतींत प्रथिनच बनत नसेल, तर दोन्ही पर्याय निरुपयोगी. आपल्याकडे F508del युरोपापेक्षा कमी आढळतं, म्हणून अहवालाआधी घरच्यांना आशा लावू नका.

३० किलोखालच्या ६ ते ११ वर्षांच्या मुलाला सकाळी संयुक्त गोळीच्या (५०/२५/३७.५ मिग्रॅ) दोन आणि संध्याकाळी इव्हाकाफ्टर ७५ ची एक. दोन्ही वेळा स्निग्ध पदार्थांसोबत, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. सकाळच्या पोह्यांत शेंगदाणे आणि तेल सढळ असू द्या, सोबत स्वादुपिंडाची एन्झाइम्स. यकृताच्या तपासण्या आणि डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्या.

खरी अडचण रिफाम्पिसिनची. ते यकृतातलं औषधं मोडणारं CYP3A एन्झाइम वाढवून ही औषधं झपाट्याने संपवतं, त्यामुळे दोन्ही पर्याय वाया जातात. उलट, अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीसाठी इट्राकोनाझोल दिलं तर पातळी चढते आणि डोस कमी करावा लागतो. आम्ही जठरातल्या द्रवाची तपासणी करून टीबी नसल्याची खात्री केली, रिफाम्पिसिन थांबवलं, त्याचा परिणाम ओसरायला दोन आठवडे दिले.

दरम्यान घशाच्या स्वॅबमध्ये स्यूडोमोनास हा जंतू पहिल्यांदाच आला. लहानपणी स्टॅफिलोकोकस आणि हिमोफिलस जास्त दिसतात, स्यूडोमोनास सहसा नंतर शिरतो आणि चिकट आवरण करून बसला की निघत नाही. म्हणून मॉड्युलेटरची, म्हणजे CFTR सुधारणाऱ्या या औषधांची, वाट न पाहता टोब्रामायसिन ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, २८ दिवस नेब्युलायझरने दिलं, कारण मॉड्युलेटर जंतू मारत नाही. आणि तो सुरू झाल्यावर कफ इतका कमी होतो की नमुनाच मिळत नाही. "खोकला गेला" ऐकून कल्चर बंद करू नका. सलाइनची वाफ देऊन कफ काढा, नाही जमलं तर स्वॅब घ्या.