स्टोरेजचा प्लॅन: ॲप स्टोअरमधून की कंपनीच्या वेबसाइटवरून?

फोनवरून घेतलेल्या प्लॅनचे पैसे ॲप स्टोअर कापतं, वेबसाइटवरून घेतलेल्याचे स्टोरेज कंपनी स्वतः. रद्दही जिथून घेतला तिथूनच करावा लागतो. नुसतं ॲप डिलीट करून काहीच थांबत नाही.

फोनवरची सोय खरी आहे: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली किंवा प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये Subscriptions उघडलं की सगळं एकाच यादीत दिसतं. पण बिलाची तक्रार आली की कंपनी बहुतेकदा स्टोअरकडेच बोट दाखवते. म्हणून मला वेबसाइट बरी वाटते.

दुहेरी बिल लागतं ते एकीकडून दुसरीकडे जाताना. माझा फोनवरचा मासिक प्लॅन चालू असतानाच मी वेबसाइटवर वार्षिक घेतला. जुना आपोआप बंद होईल असं वाटलं. दोन्ही पावत्या आल्या, एक स्टोअरची, एक कंपनीची. पावती कोणाची, यावरूनच प्लॅन कुठला ते कळतं.

समजा नूतनीकरण 14 तारखेला आहे. 10 तारखेला फोनवरून रद्द करा. भरलेली मुदत संपेपर्यंत जागा साधारणपणे तशीच राहते. खात्यात मोफत प्लॅन दिसू लागला की त्याच ईमेलने वेबसाइटवर नवा घ्या. ईमेल वेगळा पडला, तर नवी जागा भलत्याच खात्याला मिळते.