वीज आपली, पूलमधलं खातं दुसऱ्याचं: बिटकॉइन मशीन घेताना हे तपासा

भुसावळला माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात २०२४च्या उन्हाळ्यात एका विक्रेत्याने बिटकॉइन कमावणारं, म्हणजे मायनिंगचं, वापरलेलं अँटमायनर एस-९ मशीन बसवून दिलं. "भाऊ, महिन्याला नऊ हजार कुठेच गेले नाहीत," असं सांगून त्याने मोबाइलवर स्क्रीनशॉटही दाखवले. ते खोटे नव्हते, पण २०२१चे होते. तेव्हा हे मशीन खरंच तेवढं कमवायचं.

असं मशीन सतत आकड्यांचे अंदाज करत राहतं. एस-९ची ताकद साडेतेरा टेराहॅश, म्हणजे सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अंदाज. जगभरच्या सगळ्या मशीनांच्या ताकदीत त्या उन्हाळ्यात हा वाटा साधारण साडेचार कोटीत एक होता. ज्याचा अंदाज बरोबर येतो, त्याला ब्लॉक, म्हणजे बिटकॉइन व्यवहारांचा पुढचा गठ्ठा, सापडतो आणि बिटकॉइन मिळतात. जगभरात दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक सापडतात, म्हणजे एकट्याने चालवलं तर एक ब्लॉक मिळायला सरासरी आठशे वर्षं लागतील. म्हणून लहान मायनर, म्हणजे अशी मशीन चालवणारे, पूलमध्ये जातात. पूल म्हणजे अनेकांची ताकद एकत्र करणारी सेवा. मशीन केलेल्या कामाचे पुरावे, म्हणजे शेअर, पूलला पाठवत राहतं. पूल ते मोजतो, आपली फी कापतो आणि ज्याचे जितके शेअर तितका वाटा त्याच्या खात्यात टाकतो.

आता हिशोब बघा. एप्रिल २०२४पासून ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. आपल्या वाट्याला दिवसाला अंदाजे ०.००००१ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने पन्नास-पंचावन्न रुपये. मशीन खातं साडेतेराशे वॅट, म्हणजे दिवसाला ३२ युनिट. दुकानाच्या मीटरवर सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरले, तरी ३८४ रुपये. म्हणजे रोज तीनशेहून अधिक तोटा, आणि मे महिन्यात मशीन थंड ठेवायला लावलेला कूलर वेगळाच. विक्रेत्याच्या कागदावर विजेचा रकानाच नव्हता.

पण खरी चोरी पुढेच होती. मशीन चालतंय, हॅशरेट, म्हणजे त्याच्या कामाचा वेग, दिसतोय, तरी पैसे येईनात. विक्रेता म्हणायचा, "पूलची किमान मर्यादा गाठली की येतील." अशी मर्यादा असते, त्यामुळे पटलंही. शेवटी गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्या पोराने मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकून `Miner Configuration` पान उघडलं. तिथे `Worker`च्या रकान्यात विक्रेत्याचंच खातं भरलेलं होतं! जे काही शेअर गेले, ते सगळे त्याच्या नावावर जमा होत होते. बिल मात्र आम्ही भरलं. आमच्याच विजेवर त्याची कमाई, आणि मशीनचे पैसे वेगळे, हे वाचून कोणालाही संताप येईल.

कोणी असं मशीन दाखवलं, तर पूलचं खातं स्वतःच्या ईमेलने स्वतः उघडा, पैसे काढायचा बिटकॉइन पत्ताही आपलाच टाका, आणि मगच `Worker`मध्ये ते नाव भरा. पूलच्या पानावर तुमच्या खात्यात शेअर जमा होताना दिसले पाहिजेत. मशीनवर दिसणारा हॅशरेट हा पुरावा नाही. आजची कमाई जगभरच्या मशीनांच्या आजच्या ताकदीने काढायला लावा आणि शेजारी आपलं शेवटचं वीजबिल ठेवा.

ज्यांचं मशीन आधीच बसलंय, त्यांनी सेटिंग बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी. रीसेट केलं, तर खात्याचं नाव पुसलं जातं.