गोल चेहरा: गोल कमान की कोनाची भुवई?
गोल चेहऱ्यावर भुवईही गोल कमानीची कोरली की गालांचा गोलावा आणखी उठून दिसतो. हलका कोन दिला तर नजर वर जाते, चेहरा लांबट भासतो. म्हणून मी कोनाच्याच बाजूची. गोल कमान घरी कोरायला सोपी, हे मात्र खरं.

कोनाची जागा अशी शोधा: आरशात सरळ बघत पेन्सिल नाकपुडीच्या कडेपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी धरा. ती भुवईला छेदेल तिथे ठिपका द्या. आंघोळीनंतर त्वचा ताणून ठिपक्याखालचे केस प्लकरने एकेक, वाढीच्या दिशेनेच उपटा. वरच्या कडेला हात लावू नका, कोन सपाट होतो. दर चार-पाच केसांनंतर मागे सरून दोन्ही भुवया एकत्र बघा. जास्त गेलेले केस यायला कित्येक आठवडे लागतात.