फ्लॅट-पॅक कपाट, सात महिन्यांनंतर: चार बोल्ट कमी, एक फळी फुटकी आणि एक पत्र

सात महिने झाले वापरून, आता लिहायला हरकत नाही. दोन दारांचं पार्टिकल बोर्डचं कपाट, खोक्यातून येतं आणि आपलं आपण जोडायचं. कपाट कसंय विचाराल तर बरंय, पण ते उभं राहायलाच 19 दिवस लागले, आणि त्यातले निदान चार तरी माझ्या पहिल्या ईमेलमुळे फुकट गेले हे आधीच कबूल करते.

खोकी उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. तळाच्या फळीचा मागचा डावा कोपरा चेपलेला, आणि सामानाच्या पिशवीत बोल्ट कमी वाटले. मी रागारागात लिहिलं, "सामान अपुरं आहे, एक फळी तुटलेली आहे, लवकर काहीतरी करा." उत्तर काय येणार, दिलगीर आहोत, तपशील कळवा. आता यात त्यांची तरी काय चूक, एका कपाटात 15 फळ्या असतात, कुठली ते त्यांना स्वप्नात दिसणार होतं का?

मग शांतपणे बसले. सगळ्या पिशव्या एका ताटात ओतल्या आणि माहितीपत्रकातल्या तक्त्याशी एकेक मोजून टिक करत गेले. (त्याआधी खोक्यातले थर्माकोलचे तुकडे आणि फळ्यांची मागची बाजू नीट बघा, कधीकधी एखादी पिशवी तिथेच टेपने चिकटवलेली असते, आमची नव्हती.) कॅम 24 हवे होते, 24 आले. बोल्ट 24 हवे होते, 20 आले. आडव्या फळ्या सहा आणि प्रत्येकीला चार बोल्ट, म्हणजे बरोब्बर एका फळीचे गायब.

ज्यांनी हे जोडलं नाही त्यांच्यासाठी सांगते, उभ्या फळीत बोल्ट पिळायचा, त्याचं डोकं बाहेर राहतं, ते आडव्या फळीच्या कडेच्या भोकातून आत जातं आणि तिथे बसवलेला गोल चपटा कॅम स्क्रूड्रायव्हरने फिरवला की तो डोकं पकडून दोन्ही फळ्या ओढून घट्ट करतो. सुतार याला मिनीफिक्स म्हणतात. सोबत लाकडी खुंट्या असतात पण त्या फक्त जागा धरतात, ओढत नाहीत. त्यामुळे नवरा म्हणाला "प्रत्येक कप्प्याला एकेक कमी लावू, चालतंय" त्याला मी ठाम नाही म्हटलं. हार्डवेअरच्या दुकानातून आणायचाही विचार झाला पण हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आणि आट्यांचे मिळतात. लांबी चुकली की कॅम डोकं पकडतच नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो. नीट बसलेला असेल तर साधारण अर्ध्या फेरीतच हाताला जोर लागायला लागतो, ही खूण लक्षात ठेवा.

फळीचं दुखणं मात्र वरून दिसत होतं त्यापेक्षा मोठं निघालं. फळीची जाडी 18 मिमी, चेपलेल्या कोपऱ्यात पट्टी लावून मोजली तर 21 भरली, म्हणजे आतला भुसा फुगून सुटलेला. आणि त्याच कोपऱ्यात कडेपासून 34 मिमीवर कॅमचं भोक. कॅम ज्या भुशाला रेटून ओढणार तोच भुसभुशीत! फेविकॉल भरून वरून दिसायला छान झालं असतं, पण कपड्यांचं वजन आलं की तो सांधा उघडणार हे नक्की.

मग हे दुसरं पत्र लिहिलं, जसंच्या तसं देते, फक्त ऑर्डर नंबर काढलाय:

"नमस्कार,
माझ्या ऑर्डरमधलं दोन दारांचं कपाट मिळालं. जोडणी सुरू केलेली नाही, सगळं सामान खोक्यासकट ठेवलं आहे.
1) पिशवी 'सी'मध्ये कॅमचे बोल्ट 24 ऐवजी 20 आहेत. उरलेले 4 त्याच लांबीचे पाठवा, एक बोल्ट पट्टीशेजारी ठेवून फोटो जोडला आहे. बाकी सगळं सामान मोजलं, बरोबर आहे.
2) फळी क्र. 5 (तळाची) हिचा मागचा डावा कोपरा साधारण 4 सेंमी आतपर्यंत चेपला आहे आणि कॅमचं भोक त्यातच येतं, त्यामुळे दुरुस्ती नको, फळी बदलून द्या. फळी क्र. 2 (वरची) मापाने अगदी सारखी आहे पण तिला पुढच्या पायपट्टीसाठीची तीन भोकं नाहीत, कृपया 2 पाठवू नका.
3) खोक्याचा तोच कोपरा बाहेरूनही दबलेला आहे. त्याचा, फळीचा आणि खोक्यावरच्या बॅच स्टिकरचा फोटो जोडला आहे.
सगळं कपाट परत घ्यायची गरज नाही. हे दोन भाग किती तारखेपर्यंत येतील ते कळवा."

दुसऱ्याच दिवशी फोन आला, बाई नीट बोलल्या, बोल्ट आठवड्यात आले. फळीही आली, आणि काय सांगू, क्र. 2 आली! वरची! मी नुसतं उत्तर दिलं की पत्रातला मुद्दा 2 पुन्हा वाचा, सोबत भोकं नसलेल्या कडेचा फोटो. यावर वाद घालायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं, पुढच्या आठवड्यात 5 आली. चुकीची फळी परत न्यायला मात्र आजतागायत कोणी आलेलं नाही.

जोडणी सुरू केलेली नाही हे मुद्दाम लिहिलं होतं. अर्धवट जोडून मग तक्रार केली की तुम्हीच ठोकताना फोडली असं म्हणायला त्यांना जागा मिळते, आणि खोकं फेकून दिलं तर मार वाहतुकीत बसला हे दाखवणार कसं.

आता सात महिन्यांचा हिशोब. नवीन फळी दुसऱ्या बॅचची, तिच्या कडेची पट्टी किंचित पिवळट आहे, दार उघडं असताना मला दिसते, इतरांना सांगितल्याशिवाय दिसत नाही. तो कोपरा अजून घट्ट आहे, कागद सरकत नाही फटीत. वाईट झालंय ते माझ्याच हाताने: वरच्या कप्प्याचा एक कॅम ड्रिल मशीनने फिरवला, कर्रर्र आवाज आला, भोवतालचा भुसा निघाला आणि आता तो कप्पा त्या बाजूला जरासा हलतो. हाताचा स्क्रूड्रायव्हरच वापरा, मशीन लांब ठेवा. तिसऱ्या महिन्यात उजवं दार खाली आलं होतं, बिजागरीचे स्क्रू फिरवून पाच मिनिटांत सरळ झालं. उभ्या फळ्यांची खालची कड कोरीच असते, पट्टी नसते, लादी पुसताना तिथे पाणी लागून एका बाजूला थोडी फुगलीय, हे जोडायच्या आधीच सांगायला हवं होतं कंपनीने.

पाठीचा पातळ पत्रा ठोकायच्या आधी दोन्ही कर्ण मोजले होते, दोनदा, सारखे आल्यावरच खिळे मारले. दारं अजून एका रेषेत बंद होतात ती त्यामुळेच असं माझं मत.

कपाटाला चार स्टार, पॅकिंगला दीड. बोल्ट त्यांनी 4 ऐवजी 6 पाठवले होते, उरलेले दोन टिक केलेल्या तक्त्यासकट दाराच्या आत टेपने लावून ठेवलेत.