तिमाही हप्ता की मासिक? लग्नसराईवर चालणाऱ्या धंद्याचा हिशोब

पुण्यात लग्नांच्या ऑर्डरींवर ज्यांचं पोट आहे, त्यांची कमाई बारा महिने सारखी नसते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्यालयांच्या तारखा रिकाम्या पडतात, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत बारशी, डोहाळजेवणं, ऑफिसच्या जेवणावळी एवढ्यावरच भागवावं लागतं. अशा धंद्याला टेम्पो किंवा स्वयंपाकघराच्या सामानासाठी कर्ज घेताना 'हप्ता तिमाही करून घ्या, सोपं जातं' असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला काही वेळा बरोबर असतो. पण कधी बरोबर आणि कधी नाही, ते आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही.

धायरीतला एक केटरर धरू. कर्ज १२ लाख, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ३ वर्षं. किराणा, आचारी-वाढप्यांची मजुरी, भाडं आणि घरखर्च जाऊन हातात उरणारी रक्कम अशी: एप्रिल ९० हजार, मे १ लाख १० हजार, जून ३०, जुलै ५, ऑगस्ट ५, सप्टेंबर १०, ऑक्टोबर २५, नोव्हेंबर ८०, डिसेंबर १ लाख, जानेवारी ४५, फेब्रुवारी ९५ आणि मार्च ४० हजार. वर्षाचे ६ लाख ३५ हजार होतात. हप्त्यांना वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास लागतात. म्हणजे कर्ज झेपण्यासारखं आहे, प्रश्न फक्त तारखांचा आहे.

बँक या कर्जाची परतफेड तीन तऱ्हांनी लावू शकते.

| प्रकार | भरायची रक्कम | ३ वर्षांचं व्याज |
|---|---|---|
| समान मासिक हप्ता | दरमहा ३९,८५७ | सुमारे २,३४,९०० |
| समान तिमाही हप्ता | दर तिमाहीला १,२०,७७१ | सुमारे २,४९,३०० |
| मुद्दल तिमाही, व्याज दरमहा | मुद्दल १ लाख. व्याज १२,००० पासून उतरतं | २,३४,००० |

तिमाही हप्ता मासिकाच्या तिपटीपेक्षा बाराशे रुपयांनी जास्त का येतो? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, शेतीकर्जासारखे अपवाद सोडले तर, कर्जावर व्याज दरमहा आकारलं जातं. तुम्ही तीन महिने काहीच भरलं नाही तर पहिल्या महिन्याचं व्याज मुद्दलात मिळतं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज चढतं. शिवाय मुद्दलही उशिरा उतरतं. म्हणून १२ टक्क्यांना ४ ने भागून तिमाही ३ टक्के धरलं तर हप्ता १,२०,५५५ असा थोडा कमी दिसतो आणि बँकेच्या कागदाशी जुळत नाही. स्प्रेडशीटमध्ये असं टाका:

```
=PMT(0.01,36,-1200000)
=PMT(1.01^3-1,12,-1200000)
```

तीन वर्षांत जास्तीचे सुमारे १४,४०० रुपये जातात. थकलेल्या हप्त्याच्या त्रासापुढे मला ही किंमत मोठी वाटत नाही, पण त्या बदल्यात खरोखर काही मिळतंय का, ते पाहायला हवं.

कर्ज १ एप्रिलला घेतलं, आधीची शिल्लक शून्य, आणि उरलेला पैसा खात्यातच ठेवला असं समजू. मासिक हप्त्यात मे अखेर १ लाख २० हजार जमतात. मग जूनपासून ती शिल्लक झिजायला लागते, सप्टेंबरअखेर जेमतेम ११ हजार उरतात आणि ऑक्टोबरचा हप्ता ४ हजारांनी कमी पडतो. समान तिमाही हप्त्यात सप्टेंबरचा हप्ता भरून साडेआठ हजार उरतात, आणि पुढचा थेट डिसेंबरअखेर असल्यामुळे ऑक्टोबर निभावतो. तरलो, पण एखादी ऑर्डर रद्द झाली तरी बुडण्याइतकंच.

तिसरा प्रकार व्याजात सर्वांत स्वस्त, आणि या केटररसाठी सर्वांत वाईट. पहिल्या तिमाहीत १२, १२ हजार व्याज आणि जूनअखेर १ लाख १२ हजार, असे १ लाख ३६ हजार जातात. सप्टेंबरअखेर १ लाख ११ हजार भरायची वेळ येते तेव्हा १९ हजार कमी पडतात. मुद्दल लवकर उतरतं म्हणूनच व्याज वाचतं, आणि तोच भार सुरुवातीच्या हप्त्यांवर येतो. शाखेत 'तिमाही हप्ता' म्हटलं की व्यवसायकर्जात अनेकदा हाच प्रकार अभिप्रेत असतो. म्हणून मंजुरीपत्रात 'व्याज दरमहा भरावे' असं वाक्य आहे का, ते सही करण्याआधी शोधाच.

तिमाही हप्ता एका तिमाहीच्या आतले चढउतार सपाट करतो. जानेवारी बरा, फेब्रुवारी उत्तम, मार्च मंदा, हे तो सहज सांभाळतो. पण जुलै ते सप्टेंबर अख्खी तिमाहीच कोरडी असेल तर तो काही करू शकत नाही. तिथे एप्रिल-मे महिन्यांत बाजूला टाकलेले पैसेच उपयोगी पडतात. म्हणून निर्णय घेताना महिन्यांचे आकडे नव्हे, तीन-तीन महिन्यांच्या बेरजा मांडा, आणि त्याही वेगवेगळ्या महिन्यांपासून सुरू करून.

याच केटररने कर्ज १ मार्चला उचललं तर हप्ते मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीअखेर येतात. बेरजा होतात २ लाख ४० हजार, ४० हजार, १ लाख १५ हजार आणि पुन्हा २ लाख ४० हजार. चारपैकी तीन हप्ते चांगल्या महिन्यांच्या शेवटी पडतात. वर्षातली सर्वांत कमी शिल्लक नोव्हेंबरचा हप्ता भरल्यावर, सुमारे ३२ हजार ७०० रुपये. मार्चची कमाई आधी हातात येते हे त्यामागचं एक कारण आहेच, पण नोव्हेंबरची लग्नं होऊन मगच तिसरा हप्ता येतो, हे जास्त महत्त्वाचं. हप्त्याची रक्कम तीच, व्याज तेच. पहिल्या हप्त्याची तारीख ठरवताना तोंड उघडलं तर एवढा फरक पडतो.

सप्टेंबरमध्ये खातं भरल्यासारखं दिसतं, कारण डिसेंबरच्या लग्नांचा अ‍ॅडव्हान्स यायला लागतो. तो पैसा उद्याच्या किराण्याचा आणि मजुरीचा आहे. वरच्या हिशोबात तो धरलेला नाही, तुम्हीही धरू नका.

तिमाही हप्त्याचा खरा धोका थकबाकीत आहे. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक खातं बुडीत वर्गात टाकते. मासिकात एक हप्ता चुकला तर ४० हजारांची सोय करून घडी बसवता येते. तिमाहीत एकच हप्ता चुकला तर एकदम १ लाख २० हजार थकतात, आणि पुढच्या हप्त्याची तारीख उजाडेपर्यंत ते ९० दिवस बहुधा सरलेले असतात. एकदा त्या वर्गात गेलेलं खातं सगळी थकबाकी भरल्याशिवाय परत नियमित होत नाही. थोडे पैसे भरून चालत नाही.

त्यामुळे ज्यांच्या तीन-तीन महिन्यांच्या बेरजा एकमेकींच्या जवळ आहेत, पण आतले महिने वेडेवाकडे आहेत, त्यांनी समान तिमाही हप्ता घ्यावा. भोसरीत जॉबवर्क करणारे, ज्यांची बिलं दोन-दोन महिन्यांनी एकदम सुटतात, ते यात बसतात. ज्यांना दरमहा पैसे येतात, जसे कर्वेनगरचे मेसवाले, त्यांनी १४ हजार का घालवावेत? त्यांना मासिकच योग्य. आणि आपल्या केटररने बँकेकडे आधी ऑगस्टचा हप्ता छोटा आणि मे-फेब्रुवारीचे मोठे असं हंगामी वेळापत्रक मागावं. नाही मिळालं तर मे-ऑगस्ट-नोव्हेंबर-फेब्रुवारीचा समान तिमाही हप्ता घ्यावा, आणि मे अखेरचा हप्ता भरून उरलेले १ लाख १९ हजार ऑगस्टपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावेत.